भारतीय पासपोर्टवर बाझेलमध्ये नोकरी आणि जर्मनीत घर: सीमापार परवान्याची वाट

सकाळी लोराखहून बाझेलकडे जाणाऱ्या एस-6 गाडीत बसलेल्या बहुतेकांच्या खिशात एकच कार्ड असतं: स्वित्झर्लंडचा 'जी' परवाना. राहायचं जर्मनीत, कमवायचं स्वित्झर्लंडमध्ये. इथे अशा माणसांना ग्रेन्झगेंगर म्हणतात, म्हणजे रोज सीमा ओलांडून कामाला जाणारे. बाझेलच्या औषध कंपन्यांमुळे या भागात मराठी घरंही बरीच आहेत, आणि त्यांतल्या नव्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "माझ्या जर्मन सहकाऱ्याला पटकन मिळाला, मग मला का नाही?"

कारण सोपं आहे. परवाना देताना पासपोर्ट बघतात, कर लावताना पत्ता बघतात. जर्मन किंवा फ्रेंच नागरिकाला हा परवाना जवळजवळ हक्काने मिळतो, आणि करार एक वर्षापेक्षा मोठा असेल तर सहसा पाच वर्षांचा. आपल्याला तो स्विस परदेशी नागरिक कायद्याच्या कलम 25 खाली मिळतो आणि त्याच्या अटी वेगळ्या आहेत. कराच्या बाबतीत मात्र तुम्ही आणि तो जर्मन सहकारी अगदी एका रांगेत उभे असता. हा फरक डोक्यात ठेवला की कुणाचा सल्ला कुठल्या बाबतीत घ्यायचा आणि कुठल्या बाबतीत सोडून द्यायचा, हे कळू लागतं.

हा लेख जर्मनीच्या बाजूने बाझेलला जाणाऱ्या भारतीयांसाठी आहे. फ्रान्समध्ये सेंट-लुईच्या बाजूला राहणाऱ्यांना परवान्याचे टप्पे बहुतांशी लागू पडतील, कराचे नाहीत.

1. आधी स्वतःला दोन प्रश्न विचारा

पहिला: जर्मनीत तुमच्याकडे कायम वास्तव्याचा हक्क आहे का? म्हणजे नीडरलासुंग्सएरलाउब्निस, किंवा युरोपीय संघाचा दीर्घकालीन वास्तव्याचा परवाना. ब्लू कार्ड चालत नाही, साधा कामाचा व्हिसाही नाही. "अर्ज केलाय, कार्ड यायचंय" हेही चालत नाही. मधल्या काळासाठी मिळणारा फिक्त्सिऑन्सबेशायनिगुंग हा कागद तुमचं जर्मनीतलं राहणं कायदेशीर ठेवतो, पण तो कायम वास्तव्याचा हक्क नव्हे.

दुसरा: सीमावर्ती पट्ट्यात तुमचं वास्तव्य निदान सहा महिन्यांचं झालं आहे का? लोराख, वाल्ड्सहूट, कॉन्स्टान्झ हे जिल्हे या पट्ट्यात येतात, श्टुटगार्ट येत नाही. श्टुटगार्टमध्ये आठ वर्षं काढलेल्या माणसालाही आधी पट्ट्यात येऊन सहा महिने राहावं लागतं. हे महिने घरभाड्याच्या कराराच्या तारखेपासून मोजत नाहीत, नगरपालिकेत केलेल्या पत्त्याच्या नोंदणीपासून, म्हणजे आनमेल्डुंगपासून, मोजतात. म्हणून नवं घर मिळालं की नोंदणीला दिरंगाई करू नका. आणि जुना पत्ता मुख्य ठेवून नवा 'दुय्यम घर' म्हणून नोंदवण्याची हुशारी तर मुळीच नको, कारण मग तुमचं वास्तव्य कुठे आहे याचीच शंका घेतली जाते.

कामाचं ठिकाणही स्विस बाजूच्या सीमापट्ट्यात असायला हवं. बाझेल शहर आणि आसपासच्या भागाबद्दल हा प्रश्न उद्भवत नाही.

दोन्ही उत्तरं 'हो' असतील तर पुढे वाचा. एखादं 'नाही' असेल तर आधी टप्पा 2.

2. कायम वास्तव्य आधी, राजीनामा नंतर

ब्लू कार्डवाल्यांना हा हक्क तुलनेने लवकर मिळतो. पेन्शन विम्याचे हप्ते भरलेली 27 महिन्यांची नोकरी आणि जर्मन भाषेची ए-1 पातळी, किंवा बी-1 पातळी असेल तर 21 महिने. भाषेच्या परीक्षेवर खर्च केलेली वर्षभराची संध्याकाळ इथे सहा महिने वाचवते, त्यामुळे मी तर बी-1 कराच म्हणेन.

इथला सापळा असा की ब्लू कार्ड जर्मनीतल्या नोकरीवर उभं असतं. बाझेलची ऑफर आली म्हणून घाईने जर्मन नोकरी सोडली आणि कायम वास्तव्याचा अर्ज अजून परदेशी नागरिक कार्यालयात पडून असेल, तर अर्जाचा पायाच निघून जातो. स्विस परवाना मिळत नाही, कारण कायम वास्तव्य नाही. कायम वास्तव्य मिळत नाही, कारण नोकरी नाही. क्रम एकच ठेवा: कार्ड हातात, मग स्विस परवाना मंजूर, मग राजीनामा.

हे कार्ड तुमच्या पासपोर्टशी जोडलेलं असतं. पासपोर्टची मुदत वर्षभरात संपत असेल तर आधी तो नवा करून घ्या, नाहीतर ऐन अर्जाच्या वेळी नवा पासपोर्ट आणि जुना क्रमांक असलेलं कार्ड अशी विसंगत जोडी घेऊन उभं राहावं लागतं.

3. कंपनीला काय सांगायचं

अर्ज तुम्ही करत नाही, कंपनी करते. तो कँटनच्या कार्यालयात जातो. आणि गंमत म्हणजे बऱ्याच कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागालाही हा मार्ग ठाऊक नसतो. त्यांना युरोपीय नागरिकांचे अर्ज रोजचे, आणि युरोपबाहेरच्यांचे म्हणजे डोक्यात थेट कोटा. "तुम्ही भारतीय, कोटा संपलाय" असं सांगून मुलाखतीनंतर नकार आलेली माणसं मला माहीत आहेत.

तेव्हा हे नीट सांगा: युरोपबाहेरच्या लोकांना स्वित्झर्लंडमध्ये राहून काम करण्यासाठी जे ठरावीक वार्षिक परवाने असतात, त्यांचा कोटा सीमापार परवान्याला लागू नाही. कलम 25 मध्येच तसं लिहिलं आहे. उच्चशिक्षित तज्ज्ञच असावा ही अटही त्याच कलमाने काढून टाकली आहे. कंपनीला पाठवायच्या ईमेलमध्ये या कलमाचा उल्लेख करा, त्यांचा वकील दोन मिनिटांत पडताळून बघेल.

पण दोन अटी उरतात आणि त्या कंपनीने सिद्ध करायच्या असतात. एक, या जागेसाठी स्वित्झर्लंडमधला किंवा युरोपीय संघातला योग्य उमेदवार मिळाला नाही. त्यासाठी जाहिरात कुठे दिली, किती दिवस होती, कोण आले आणि का नाकारले, याची नोंद लागते. दोन, पगार त्या भागात त्या कामाला प्रचलित असलेल्या पगाराइतका आहे. जर्मनीच्या मानाने भरघोस वाटणारा आकडा बाझेलच्या मानाने कमी असेल तर अर्ज अडतो. अर्ज बहुधा यांतल्या पहिल्या अटीवर घुटमळतो, म्हणून ऑफर स्वीकारताना "जाहिरातीच्या नोंदी ठेवल्या आहेत ना?" हे विचारून घ्या. विचारायला संकोच वाटतो, पण ऑफर आणि परवाना यांच्यामध्ये उभी असलेली सगळ्यात मोठी गोष्ट तीच.

करारात 'परवाना मिळण्याच्या अटीवर' असं वाक्य असू द्या आणि रुजू होण्याची तारीख पुढची घ्या. परवान्याशिवाय एक दिवसही काम करायचं नाही. जर्मन कार्डावर तुम्ही स्वित्झर्लंडमध्ये फिरायला जाऊ शकता, 'ओळख करून घ्यायला' म्हणून लॅपटॉप घेऊन कार्यालयात बसू शकत नाही.

4. कागदांची फाइल

कँटनप्रमाणे यादी थोडी बदलते, पण हे सगळं तयार असलं की धावपळ होत नाही:

- पासपोर्ट आणि जर्मन कायम वास्तव्याच्या कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत
- नगरपालिकेचा वास्तव्याचा दाखला. त्यात या पत्त्यावर कधीपासून राहता ती तारीख हवी, त्यामुळे साधा नको, सविस्तर दाखला मागा
- दोघांच्या सह्या असलेला नोकरीचा करार
- पदव्या, आधीच्या नोकऱ्यांची प्रमाणपत्रं आणि बायोडेटा
- पासपोर्ट आकाराचा फोटो
- कंपनीकडून: अर्जाचा नमुना, उमेदवार शोधल्याचे पुरावे आणि तुमचीच निवड का केली याचं पत्र

मराठी किंवा इंग्रजी पदवीचं जर्मन भाषांतर कधी मागतात, कधी नाही. जर्मनीतल्या व्हिसासाठी केलेलं शपथपूर्वक भाषांतर जपून ठेवलं असेल तर तेच इथे उपयोगी पडतं.

5. एक उदाहरण, तारखांसकट

समजा नाशिकची सायली फेब्रुवारी 2023 मध्ये ब्लू कार्डवर श्टुटगार्टला आली. बी-1 झालं, नोव्हेंबर 2024 मध्ये 21 महिने भरले, आणि जानेवारी 2025 मध्ये कायम वास्तव्याचं कार्ड हातात आलं. तिची कंपनी घरून काम करू देत होती, म्हणून तिने 1 मार्च 2025 ला लोराखमध्ये घर घेऊन त्याच आठवड्यात नोंदणी केली. जूनमध्ये बाझेलच्या प्रयोगशाळेची ऑफर आली.

जूनमध्ये तिचे पट्ट्यातले सहा महिने भरलेले नव्हते, ते सप्टेंबरच्या सुरुवातीला भरणार होते. तिने करारात 1 नोव्हेंबर ही तारीख घेतली. मधल्या काळात कंपनीने जाहिरातीच्या नोंदी गोळा केल्या आणि सहा महिने भरताच नव्या दाखल्यासह अर्ज केला. परवाना मंजूर झाल्याचं पत्र आल्यावरच तिने राजीनामा दिला. तिची सूचनेची मुदत चार आठवड्यांची होती म्हणून हे जमलं. जर्मनीत तीन महिन्यांची मुदत सर्रास असते, आणि तशी असती तर रुजू होण्याची तारीख जानेवारीवर गेली असती. नव्या कंपनीशी तारीख ठरवताना हाच हिशेब उलटा मांडून बघा.

6. परवाना मिळाल्यावर काय पाळायचं

तुमचा परवाना एक वर्षाचा असतो आणि दरवर्षी वाढवून घ्यावा लागतो. तो त्या कंपनीसाठी आणि त्या सीमापट्ट्यासाठी असतो. नोकरी बदलायची तर उमेदवार शोधण्याची आणि पगाराची अट नव्याने तपासतात, त्यामुळे जर्मन सहकाऱ्यासारखा महिन्याभरात उडी मारण्याचा विचार करू नका. सलग पाच वर्षं काम केलं की मुदतवाढ, नोकरीबदल आणि कँटनबदल यांचा हक्क मिळतो.

आठवड्यातून निदान एकदा जर्मनीतल्या घरी परतणं बंधनकारक आहे. हिवाळ्यात बाझेलमध्ये खोली घेऊन राहायची कल्पना सुचते, पण पुढे कराच्या भागात दिसेल की रात्री न परतण्याची किंमत वेगळीच असते.

ऑक्टोबर 2023 पासून जर्मनीने स्विस सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे. रोजच्या ट्राममध्ये कुणी विचारेलच असं नाही, पण विचारलं तर पासपोर्ट, जर्मन कार्ड आणि 'जी' परवाना तिन्ही सोबत हवेत. फोनमधला फोटो पुरत नाही. बाझेलचं बाडिशर बानहोफ स्थानक स्विस जमिनीवर असूनही जर्मन रेल्वेचं आहे. नव्या माणसाला आपण नेमके कुठल्या देशात उभे आहोत हेच तिथे समजत नाही, म्हणून कागद बॅगेच्या एकाच कप्प्यात ठेवण्याची सवय बरी.

या परवान्यावरची वर्षं स्वित्झर्लंडच्या कायम वास्तव्यासाठी धरली जात नाहीत, कारण तुम्ही तिथे राहतच नाही. जर्मन नागरिकत्वासाठीची वर्षं मात्र चालू राहतात. ते मिळाल्यावर परवान्याच्या बाबतीत तुम्हीही त्या जर्मन सहकाऱ्याच्या रांगेत जाता.

7. कर: पगाराचा आकडा तुमचा नसतो

नवी मंडळी जिथे खरी आपटतात ती जागा ही. जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या करारानुसार सीमापार नोकरदाराचा मुख्य कर जर्मनी घेते. स्वित्झर्लंड पगारातून जास्तीत जास्त 4.5 टक्के कापते आणि तेवढी रक्कम जर्मनी तुमच्या करातून वजा करते.

हा 4.5 टक्क्यांचा दर आपोआप लागत नाही. त्यासाठी तुमच्या जर्मन कर कार्यालयाकडून 'ग्रे-1' नावाचा वास्तव्याचा दाखला शिक्का मारून आणायचा आणि पहिल्या पगाराआधी कंपनीला द्यायचा. तो दिला नाही तर कंपनी पूर्ण दराने कर कापते. दाखला कॅलेंडर वर्षापुरता असतो, पुढच्या वर्षांसाठी 'ग्रे-2' असतो. जानेवारीच्या पगारपत्रकात कराचा आकडा अचानक मोठा दिसला तर बहुधा हाच कागद राहिलेला असतो.

आता सायलीचं पगारपत्रक बघू. वर्षाला 96,000 फ्रँक, म्हणजे महिन्याला 8,000. त्यातून स्विस कर 360 फ्रँक, वृद्धापकाळ आणि अपंगत्व विमा 5.3 टक्क्यांनी 424, बेरोजगारी विमा 1.1 टक्क्याने 88. शिवाय कंपनीच्या पेन्शन निधीचा आणि अपघात विम्याचा वाटा, तो कंपनीनुसार बदलतो. हे सगळं वजा होऊनही बँकेत साडेसहा हजारांहून अधिक फ्रँक जमा होतात आणि श्टुटगार्टच्या पगाराची सवय असलेल्या माणसाचे डोळे दिपतात.

पण जर्मन कर अजून भरायचाच आहे. या पगारावर एकट्या व्यक्तीचा वर्षाचा जर्मन कर, स्विस 4.5 टक्के वजा करूनही, ढोबळमानाने 20,000 युरोच्या आसपास किंवा पुढे जातो. तो पगारातून कापला जात नाही. कर कार्यालय तो आगाऊ हप्त्यांनी मागतं: 10 मार्च, 10 जून, 10 सप्टेंबर, 10 डिसेंबर. आणि हप्ते ठरेपर्यंत वेळ गेला तर मागच्या वर्षाचा पूर्ण कर आणि चालू वर्षाचे हप्ते एकदमच दारात येतात.

म्हणून पहिल्या महिन्यापासून पगाराचा साधारण चौथा हिस्सा वेगळ्या खात्यात टाका, आणि ग्रे-1 घेतानाच कर कार्यालयाला अपेक्षित पगार सांगून हप्ते ठरवून मागा. स्वतःहून कर मागायला जाणं विचित्र वाटतं खरं.

आता रात्री न परतण्याबद्दल. कामामुळे तुम्ही वर्षात 60 पेक्षा जास्त कामाच्या दिवशी घरी परतला नाहीत, तर करारापुरते तुम्ही सीमापार नोकरदार राहत नाही आणि स्वित्झर्लंड त्याच्या पूर्ण दराने कर लावू शकतं. परदेश दौऱ्यावरच्या कामाच्या रात्री यात मोजल्या जातात. वर्षाच्या शेवटी कंपनी हे दिवस 'ग्रे-3' नमुन्यावर प्रमाणित करते, तेव्हा दौऱ्यांची तिकिटं आणि हॉटेलची बिलं स्वतःकडे ठेवा. वर्षाच्या मध्यात रुजू झालात तर 60 ची मर्यादाही त्या प्रमाणात कमी होते.

8. आरोग्य विमा आणि घरून काम: इथे सहकाऱ्याची नक्कल नको

कराच्या बाबतीत जर्मन सहकाऱ्याचं ऐकलंत तर चालेल, सामाजिक विम्याच्या बाबतीत नाही. युरोपीय संघ आणि स्वित्झर्लंड यांच्यातले विम्याच्या समन्वयाचे नियम त्यांच्या नागरिकांसाठी आहेत. संघाच्या आत ते भारतीयांनाही लागू केले गेले, पण स्वित्झर्लंडशी असलेल्या संबंधात तो विस्तार नाही.

याचे परिणाम दोन ठिकाणी दिसतात. आरोग्य विम्यासाठी सहकारी सांगेल, "तीन महिन्यांत स्विस की जर्मन ते निवड, झालं." तुमच्यासाठी ती निवड त्याच नियमातून येत नाही. स्विस विम्यात यायचं असेल तर तुम्हाला स्वतः अर्ज करावा लागतो, आणि जर्मन विम्यात राहायचं असेल तर तुमच्या विमा संस्थेकडून पगाराची नोकरी परदेशात असतानाचा हप्ता लेखी विचारून घ्यावा लागतो. दोन्हीकडचं लेखी उत्तर हातात येईपर्यंत जुना विमा बंद करू नका. फोनवर मिळालेल्या 'हो'चा इथे काही उपयोग नाही. कुटुंब असेल तर बायको-मुलांचा हिशेबही याच वेळी मांडा: स्विस पद्धतीत प्रत्येक माणसाचा हप्ता वेगळा असतो, जर्मन सरकारी विम्यात नोकरी न करणारा जोडीदार आणि मुलं एकाच हप्त्यात येऊ शकतात. एकट्या माणसाला स्वस्त पडणारा पर्याय चौघांच्या घराला महाग पडतो, तो याच कारणाने.

दुसरी गोष्ट घरून कामाची. युरोपीय नागरिकांसाठी घरून काम निम्म्याच्या आत ठेवलं तर विमा स्विसच राहतो, अशी सोय आहे. ती तुम्हाला लागू आहे असं धरून कंपनीशी आठवड्याचे दोन दिवस ठरवू नका. जर्मनीत बसून केलेल्या कामावर जर्मन सामाजिक विम्याचा प्रश्न उभा राहू शकतो, आणि त्याचे हप्ते कंपनीलाही भरावे लागतात. कंपनीच्या विमा कार्यालयाला, 'भारतीय नागरिक, जर्मनीत वास्तव्य, आठवड्याला इतके दिवस घरून' असं तिन्ही गोष्टी लिहून विचारायला सांगा. 'सीमापार नोकरदार' एवढंच लिहिलं तर उत्तर जर्मन माणसाला लागू पडणारं येतं.

9. मुदतवाढ आणि नोकरी गेली तर

मुदत संपण्याच्या दोन-तीन महिने आधी कंपनीला आठवण करा, कारण अर्ज पुन्हा त्यांच्यामार्फतच जातो. पत्ता बदलला असेल तर नवा दाखला जोडा. पट्ट्यातल्या पट्ट्यात घर बदललं तर अडचण नसते, पट्ट्याबाहेर गेलात तर परवान्याची अटच मोडते.

नोकरी गेली तर परवान्याचा आधार जातो, जर्मन कायम वास्तव्य जात नाही. जर्मन रोजगार कार्यालयात ताबडतोब नाव नोंदवा आणि स्विस कंपनीकडून नोकरीच्या काळाचा व विमा हप्त्यांचा दाखला शेवटच्या दिवसाआधीच मागून घ्या. नंतर मागितला तर तो मिळायला आठवडे जातात. पेन्शन निधीत साठलेली रक्कम स्वित्झर्लंडमधल्या एखाद्या राखीव खात्यात हलवायला सांगा आणि त्या खात्याचा क्रमांक जपून ठेवा. पुढची नोकरी पुन्हा बाझेलमध्येच लागली तर ती रक्कम नव्या कंपनीच्या निधीत जाते.